गर्दी मोजताना माणसं बघा

“दादा, दुकानासाठी दोन गाळे बघून ठेवलेत. एक मेन रोडला, भाडं दुप्पट. दुसरा आतल्या रस्त्याला. कुठला घेऊ?”

मेन रोडच्या मोहाने मी एकदा हात पोळून घेतलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझं बेकरीचं दुसरं दुकान बसस्टॉपला लागून होतं. घेण्याआधी एका सकाळी उभा राहून मी माणसं मोजली आणि आकडा बघून हरखलो. पण सकाळी बस पकडायला धावणारा माणूस ब्रेड घेत नाही. तो ब्रेड घेतो संध्याकाळी, आणि संध्याकाळी तो रस्त्याच्या पलीकडच्या स्टॉपवर उतरायचा. मध्ये दुभाजक होता. दीड वर्षात दुकान बंद केलं. गर्दी खरी होती, फक्त माझ्या गिऱ्हाइकाची नव्हती.

मागच्या वर्षी कोथरूडमधल्या एका जोडप्याने अगदी तुमच्यासारखाच प्रश्न आणला. त्यांना पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. त्यांचंच उदाहरण घेऊ.

आधी भाडं सारखं करून घेतलं, कारण दोन मालक दोन वेगवेगळ्या फुटांत बोलत होते. मेन रोडचा गाळा ‘३०० फूट, १८० रुपये दर’, म्हणजे ५४,००० रुपये. पण ते ३०० सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती आणि जिन्याचा वाटा धरून. आम्ही टेप घेऊन आतून मोजलं तर कार्पेट २०० भरलं. म्हणजे वापरायच्या जागेचा खरा दर २७०. मालक जीएसटी नोंदणी असलेला, त्यामुळे भाड्यावर १८ टक्के वेगळे, आणि या जोडप्याला त्याची वजावट मिळणार नव्हती. मेंटेनन्स ३,००० धरून महिन्याला ६६,७२० रुपये जाणार होते. आतल्या रस्त्याचा, भाजीबाजाराच्या कडेचा गाळा २६० फुटांचा सांगितला होता, दर ११०. आतून २२० निघाला. तिथे जीएसटी नव्हता, मेंटेनन्स १,०००. एकूण २९,६००. टेप न लावता कुणाच्याही दराची तुलना करू नका.

मग मोजणी. पोळी-भाजीचा मुख्य धंदा संध्याकाळी सहा ते नऊ, म्हणून आम्ही तेवढाच वेळ धरला. दर तासातली पंधरा मिनिटं हातातल्या काउंटरवर मोजायची आणि चारने गुणायचं. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार. फक्त आपल्या बाजूच्या फुटपाथवरची माणसं धरायची. गणपती-दिवाळीत मोजलं तर आकडा फुगतो, आणि मे महिन्यात निम्मी बिऱ्हाडं गावाला गेलेली असतात, तेव्हा ते दिवस टाळायचे.

मेन रोडला पंधरा मिनिटांत सरासरी २१० माणसं, म्हणजे तीन तासांत सुमारे २,५२०. आतल्या रस्त्याला ७०, म्हणजे ८४०. इथेच बहुतेक जण वही मिटतात. मी त्या दोघांना दुसरा काउंटर दिला आणि सांगितलं, यावर फक्त घरी निघालेली माणसं दाबा. हातात भाजीची पिशवी, खांद्याला ऑफिसची बॅग, चाल घराकडची. क्लासला निघालेली पोरं नकोत, बसकडे धावणारे नकोत, सिग्नलला थांबलेले दुचाकीवाले तर मुळीच नकोत. मेन रोडला अशी माणसं निघाली ४२०, आतल्या रस्त्याला ४५०. रोजच्या भाड्याला या आकड्याने भागा. मेन रोडला दारावरून जाणारं एक कामाचं माणूस पाच रुपये तीस पैशांना पडत होतं, आत दोन रुपये वीस पैशांना.

किती जण आत येतील हे अंदाजाने ठरवू नये. आम्ही दुसऱ्या पेठेतल्या एका चालत्या पोळी-भाजी केंद्रासमोर दोन संध्याकाळी बसलो. घरी निघालेल्या शंभरांतले बारा जण काहीतरी घेऊन निघत होते. या हिशेबाने आतल्या गाळ्याला ५४ बिलं. बिल सरासरी १५० रुपयांचं धरलं तर दिवसाला ८,१००, महिन्याला २ लाख ४३ हजार. भाडं विक्रीच्या १२ टक्के. मेन रोडला तेच २९ टक्क्यांवर जात होतं. किराणा-भाजी, गॅस आणि पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पगार काढल्यावर या धंद्यात भाड्याला १५ टक्क्यांच्या वर जागा उरत नाही, असा माझा अनुभव आहे. मेन रोड तिथेच संपला.

पण आतला गाळाही लगेच घेऊ दिला नाही. दारावरून जाणारी माणसं मोजली तरी ती येतात कुठून, हे बघायचं राहिलं होतं. रोजच्या जेवणासाठी माणूस दहा मिनिटांपेक्षा जास्त चालत नाही. नकाशावर गोल काढून हा टापू कळत नाही, कारण नाला मध्ये आला की पलीकडच्या सोसायट्या हाकेच्या अंतरावर असूनही गेल्यात जमा. आम्ही गाळ्यापासून चारी दिशांना दहा-दहा मिनिटं चाललो, आणि वाटेतल्या प्रत्येक इमारतीच्या पार्किंगमधले विजेचे मीटर मोजले. ११०० भरले. कुठे नोकरदार जोडपी, कुठे एकटे म्हातारे, कुठे फ्लॅटवर राहणारी मुलं, हे इस्त्रीवाल्याने सांगितलं. त्याच्याइतकी माहिती कुठल्याही एजंटकडे नसते.

आता उलटा हिशेब. रोज ५४ बिलं हवीत आणि एक घर दहा दिवसांतून एकदा येतं असं धरलं, तर ५४० घरं आपली नेहमीची गिऱ्हाइकं व्हायला हवीत. म्हणजे टापूतलं जवळपास प्रत्येक दुसरं घर. तेवढं होत नाही. तीनातलं एक घर धरलं तर रोज ३७ बिलं, महिन्याला १ लाख ६६ हजार, आणि भाडं १८ टक्क्यांवर. दोन हिशेब दोन आकडे सांगू लागले की मी लहान आकड्यावर भाडं ठरवतो. भाजीबाजारात लांबून येणारे थोडे घेतील, पण त्यांच्या जिवावर करार करू नये.

त्या गाळ्याचं शटर आठ महिने बंद होतं, हे शेजारच्या दुकानदाराकडून आधीच कळलं होतं. त्या जोरावर दर ९० वर आला. महिन्याला २४,४०० रुपये, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत. शिवाय पहिली दोन वर्षं वाढ नाही, आणि सहा महिन्यांनंतर एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल, ही अट लीव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीकृत करारात लिहून घेतली. नव्या धंद्याला तीन वर्षांचा लॉक-इन मी कधीच सुचवत नाही.

उघडल्यावर चौथ्या महिन्यात त्यांची रोजची सरासरी ४१ बिलं होती. दुपारच्या डब्यांची विक्री आम्ही हिशेबात धरलीच नव्हती, ती वेगळी.

तुमचा धंदा कुठला आणि त्याचं गिऱ्हाईक कुठल्या वेळी, कुठल्या दिशेने चालतं, ते आधी लिहा. मग एक बुधवार आणि एक रविवार, दोन्ही गाळ्यांसमोर दोन काउंटर घेऊन बसा. आकडे आणलेत की पुढचं आपण बसून बघू.