आमची वाटचाल : सात तारखेचा पगार

लातूरच्या बाजूला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. या धंद्यात वर्षाचे बारा महिने सारखे नसतात, हे करणाऱ्याला ठाऊकच आहे. मार्च ते जून मोटारींची रांग लागते, पाऊस सुरू झाला की मेगर आणि वाइंडिंग मशीन कपड्याखाली झाकून ठेवायचं आणि रब्बीत पुन्हा थोडीफार हालचाल. मी कितीतरी वर्षं उन्हाळ्यात राजासारखा खर्च केला आणि श्रावणात घरात किराणा उधार आणला.

२०१६ साल मी विसरणार नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. आधी विहिरी तळाला गेल्या आणि कोरड्या चालून मोटारी जळाल्या, तेव्हा काम भरपूर आलं. नंतर बोअरच आटले, मोटार भरून घेऊन करायचं काय? त्यात समोर एक दुकान उघडलं. तो माझ्या निम्म्या दरात मोटार भरून द्यायचा. मोटारी उघडल्यावर कळलं, तांब्याचं बिल लावून आत ॲल्युमिनियमची तार घालत होता. दोन महिन्यांत त्या मोटारी तापून माझ्याकडे आल्या आणि शेतकरी मलाच विचारू लागले, ‘तुमचा धंदा असाच का?’ याचा राग आजही आहे.

त्या वर्षी आमचे एक जुने गिऱ्हाईक, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, बोअर आटलेलं असताना पाच एचपीच्या दोन सबमर्सिबल घेऊन आले. ‘पाऊस पडल्यावर लागतेतच की,’ म्हणाले आणि पैसे रोख मोजले. त्या पैशातलं एक पैही तारेच्या व्यापाऱ्याला गेलं नाही, सगळं घरात गेलं. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्यानं माल बंद केला. दुष्काळ आणि समोरचा यांच्याइतकीच माझी चूकही होती. गल्ल्यातला पैसा मी माझाच समजत होतो, आणि त्यातला निम्मा तारेचा होता.

तेव्हा सौ. म्हणाल्या, ‘मला महिन्याला किती मिळणार ते एकदा सांगा, मग मी बघते.’

जुन्या रोजमेळाच्या वह्या काढल्या. तार, वार्निश, बेअरिंग, भाडं, वीज, कारागिराचा पगार वजा केला. धरले फक्त हातात आलेले पैसे. सोयाबीन निघाल्यावर देतो म्हणणाऱ्यांची बिलं धरली नाहीत. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ४८ हजार उरत होते, पावसाळ्याच्या चार महिन्यांत ९ हजार आणि हिवाळ्यात २१ हजार. वर्षाचे ३ लाख १२ हजार, म्हणजे महिन्याला २६ हजार. पण २६ घेतले तर दुकानाला काहीच उरत नाही, म्हणून पगार १८ हजार ठरवला.

दर महिन्याच्या सात तारखेला दुकानाच्या चालू खात्यातून घरच्या बचत खात्यात १८ हजार जातात. उन्हाळ्यात दरमहा ३० हजार मागे राहतात, चार महिन्यांचे १ लाख २० हजार. पावसाळ्यात पगाराला दरमहा ९ हजार कमी पडतात, ते ३६ हजार त्यातून जातात. हिवाळ्यात १२ हजारांची पुन्हा भर पडते आणि वर्षाअखेर ९६ हजार दुकानात राहतात. साधारण पाच महिन्यांचा पगार. एक वाईट हंगाम निघतो. दोन लागोपाठ दुष्काळ मात्र यात निघणार नाहीत.

पगार काढण्याआधी मी एक गोष्ट बघतो, आणि तुम्हीही बघा. खात्यातली शिल्लक अधिक गल्ला, त्यातून व्यापाऱ्याचं देणं वजा. हा आकडा जूनअखेर ३६ हजारांच्या खाली गेला, की पगार तारेच्या उधारीतून निघतोय असं समजायचं. मग पगार खाली आणायचा. तारेचं देणं लांबवून तो चालू ठेवायचा नाही.

जुन्या वाइंडिंगचं भंगार तांबं विकून जो पैसा येतो, तोही रोजमेळात लिहा. आमच्यातले बरेच जण तो खिशात घालतात आणि ‘वरची कमाई’ म्हणतात. भाजीसाठी गल्ल्यातून घेतलेले दोनशे रुपयेही लिहून ठेवतो आणि पुढच्या सात तारखेला कापून घेतो. आमच्या सीएनी एक बजावलं होतं, एकट्या मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरता येत नाही. तो भांडवलातून केलेली उचल म्हणूनच लिहायचा. कर पूर्ण नफ्यावर लागतो, तेव्हा कराचे पैसे दुकानात वेगळे ठेवा. ते या ९६ हजारांतूनच निघतात.

व्यापाऱ्याचं देणं फेडायला मला दोन उन्हाळे लागले. तोवर पगार १२ हजारच घेतला आणि सौ. नी त्यात घर चालवलं. काका अजून येतात, दर उन्हाळ्याच्या तोंडाला, मोटार जळायच्या आधी बेअरिंग तपासून घ्यायला.