चकती क्रमांक ७: तीन अंशांचा घोळ सापडला

मंडळी, बोल्टचे सात नट वर्तुळावर समान अंतराने लावलेली चकती अखेर समतोल झाली. मागच्या नोंदीत ती झालीच आहे असं लिहिलं होतं, ते चूक होतं. तेव्हा चकती कुठेही थांबवली तरी थांबत होती, पण ते बेअरिंगमधल्या जुन्या ग्रीसमुळे. पंख्यातून काढलेली ती बेअरिंग रॉकेलने धुतली, दोन थेंब शिलाई मशीनचं तेल सोडलं, आणि चकती सोडताच ती डुलायला लागली. डुलून दर वेळी एकाच जागी येऊन उभी राहायची: चौथा नट खाली, आणि सातव्या-पहिल्यामधली जागा वर.

मांडणी जुनीच आहे. प्लायवूडची चकती, १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, त्यावर सात एम-१२ नट दुहेरी चिकटपट्टीने लावलेले, प्रत्येक साधारण १७ ग्रॅमचा. चकती उभी, आस आडवा. नट आसापासून आडव्या दिशेने जितका लांब, तितकी त्याची फिरवण्याची ताकद, आणि ते आडवं अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले कोनाचा कॉस. चकती कोणत्याही कोनात स्वस्थ राहायची असेल तर सातही कॉसची बेरीज प्रत्येक वेळी शून्य यायला हवी.

सहा नटांना हे सोपं होतं. प्रत्येकाच्या बरोबर समोर दुसरा असतो, जोड्या एकमेकांना खातात. सातात कोणाच्याच समोर कोणी नाही. पहिला नट आडव्या रेषेवर धरून कॅल्क्युलेटरवर आकडे काढले. वरचे आणि खालचे नट सारखेच असल्यामुळे बेरीज होते 1 + 2(0.6235 − 0.2225 − 0.9010). कंसात बरोबर −0.5, म्हणून उत्तर शून्य. पण हे तीन आकडे इतक्या नेमकेपणाने अर्ध्यावर का येतात, हे आकड्यांकडे बघून कळत नाही. बेरजेला 2 sin(π/7) ने गुणलं की मधली सगळी पदं उडतात, तो मार्गही मी करून पाहिला. सिद्धता पक्की आहे, पण तिच्यात चकती दिसत नाही.

चकती दिसते ती एकाच्या मुळांत. अकरावी-बारावीत ओमेगा आणि 1 + ω + ω² = 0 आपण सगळ्यांनी घोकलंय, तेच इथे सातासाठी आहे. संमिश्र प्रतलावर एकक वर्तुळ घ्या आणि z म्हणजे सातवा हिस्सा फिरलेला बाण, z = cos(2π/7) + i sin(2π/7). सात नट म्हणजे 1, z, z², … z⁶. त्यांची बेरीज S. आता S ला z ने गुणा, म्हणजे सगळी चकती एक घर पुढे फिरवा. पहिला नट दुसऱ्याच्या जागी गेला, दुसरा तिसऱ्याच्या, आणि सातवा z⁷ = 1 म्हणून पहिल्याच्या जागी आला. सात नटांचा संच तोच राहिला, म्हणून zS = S. आणि z काही 1 नाही. एक्कावन्न अंशांनी फिरवूनही जो बाण जागचा हलत नाही तो फक्त लांबी नसलेला बाण, S = 0.

वास्तव भाग घेतला की कॉसची बेरीज शून्य, काल्पनिक भाग घेतला की साइनची. सुरुवातीचा कोन दुसरा असेल तर सगळ्याला एकाच बाणाने गुणायचं, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून चकती एका स्थितीत नाही, प्रत्येक स्थितीत स्वस्थ राहायला हवी.

मग माझी का डुलत होती? तीन संध्याकाळी यात गेल्या. आधी नटांवर संशय घेतला. दुकानातून आणलेल्या पाकिटात १५.९ पासून १७.६ ग्रॅमपर्यंत नट निघाले. खिशात मावणारा सोनाराचा काटा घेतला नसता तर हे कधीच कळलं नसतं, या छंदात माझ्या मते तो पहिला घ्यावा. ०.१ ग्रॅमच्या आत बसणारे सात निवडले. चकती तरीही चौथ्या नटावरच येऊन थांबली.

दोष कोनमापकात होता, म्हणजे तो वापरण्याच्या माझ्या पद्धतीत. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४३. कंपासपेटीतल्या कोनमापकाने मी ५१, ५१ असे सहा वेळा मोजत गेलो. सहा गुणिले ५१ म्हणजे ३०६, आणि शेवटच्या जागेला उरले ५४. प्रत्येक पायरीची अर्ध्या अंशाहून लहान चूक साठत गेली आणि सगळी एकाच फटीत जाऊन बसली, ती फट बाकीच्यांपेक्षा तीन अंश रुंद झाली. मोजून पाहिलं:

```
import cmath, math
print(abs(sum(cmath.exp(1j*math.radians(51*k)) for k in range(7))))
```

उत्तर 0.0608. हे हातानेही येतं, आणि त्यातच मला खरी गंमत वाटली. भूमितीय श्रेढीची बेरीज (1 − z⁷)/(1 − z). खऱ्या सातव्या मुळासाठी वरचा भाग शून्य, वर्तुळ बंद होतं. माझा z सात पावलांनी ३५७ अंशांवर पोचत होता, तीन अंश अलीकडे. म्हणून वर 2 sin 1.5° = 0.0524 एवढी फट उरली, खाली 2 sin 25.5° = 0.861, आणि भागाकार 0.0608. उरलेल्या बाणाची दिशा येते १५३ अंश, म्हणजे नेमका चौथा नट, रुंद फटीच्या बरोबर समोरचा. चकती हेच सांगत होती.

पडताळा असा घेतला. एका नटाच्या वजनाच्या 0.0608 पट म्हणजे जवळपास १.०३ ग्रॅम. रुंद फटीच्या मधोमध, त्याच त्रिज्येवर, मातीचा गोळा चिकटवला आणि नखाने चिमूट चिमूट काढत गेलो, चकती कुठेही सोडली तरी थांबेपर्यंत. मग तो गोळा काट्यावर ठेवला: १.१ ग्रॅम. त्या रात्री काटा मी तीनदा शून्य करून पुन्हा मोजलं.

दुरुस्ती साधी निघाली. प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजायची आणि अर्ध्या अंशाला आणायची: ५१.५, १०३, १५४.५, २०५.५, २५७, ३०८.५. प्रत्येक खुणेत लहान चूक राहते, पण साठत नाही. पट्टी-कंपासने नेमका सप्तकोन काढता येत नाही, तेव्हा हाच मार्ग मला बरा वाटतो. मातीचा गोळा काढला, नट नव्या खुणांवर लावले, आणि चकती स्वस्थ.

पुढे नऊची चकती करणार होतो, पण हे लिहिताना बेत बदलला. सातांपैकी काही नट काढून उरलेले समतोल राहतील का, हे पाहत होतो. नाही राहत. सात मूळ संख्या असल्यामुळे 1 + z + … + z⁶ या बेरजेचा कुठलाही अर्धवट तुकडा शून्य होत नाही, सगळे सात किंवा एकही नाही. पण बारा जागा असतील तर गोष्ट बदलते. ०, ४, ८ वर तीन नट म्हणजे ओमेगाचा त्रिकोण, १ आणि ७ वर समोरासमोरची जोडी, असे पाच नट बारा जागांवर समतोल राहतात, आणि दिसायला ती मांडणी अगदी वाकडी दिसते. प्रयोगशाळेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये बारा जागांवर पाच नळ्या अशाच ठेवता येतात. फक्त एक किंवा अकरा ठेवता येत नाहीत. बारासाठी ३० अंश कोनमापकावर छापलेलेच असतात. प्लायवूड कापून झालंय, रविवारी खुणा करतो.