परवा म्हणजे नक्की कधी?

भाषांतर न होणाऱ्या शब्दांच्या याद्या अधूनमधून फिरत येतात, आणि त्यात पोर्तुगीजचा सौदाद हमखास असतो. त्याच्यापुढे चार ओळींचा अर्थ, की जे हातातून गेलं, जे कदाचित कधी आपलं नव्हतंच, त्याची गोडसर हुरहूर वगैरे वगैरे. वाचायला छान वाटतं, पण पोर्तुगीज बोलणारी माणसं हा शब्द दर वेळी खिडकीत बसून उसासे टाकत वापरत नाहीत, पत्राच्या किंवा मेसेजच्या शेवटी सौदादेस लिहून मोकळी होतात, आपण जसं 'आठवण येते गं तुझी' लिहितो तसं. यादीत शब्द असा फुगतो. रोजच्या वापरातला शब्द उचलायचा, त्याच्या सगळ्यात काव्यमय अर्थाला अख्खा अर्थ म्हणायचं, आणि मग म्हणायचं की बघा, हे तुमच्या भाषेत नाही.

एका भाषेत ज्याला सुटा शब्द आहे त्याला दुसरीत नसतो, हे मात्र खरं आहे. याला लेक्सिकल गॅप म्हणतात. प्रश्न एवढाच की त्या रिकाम्या जागेवरून त्या माणसांबद्दल काय म्हणता येतं, आणि माझं मत विचाराल तर लोक म्हणतात त्याच्या निम्म्यानंही नाही.

हिंदीचंच बघा ना. कालही कल आणि उद्याही कल. मराठी माणसाला हे ऐकून फार मजा वाटते, आणि यावरून थेट तत्त्वज्ञान काढणारेही असतात, की यांच्यासाठी काळ चक्रासारखा फिरतो, भूतकाळ आणि भविष्यकाळ एकच. हे ऐकून मान डोलवणारा मराठी माणूस पुढच्याच वाक्यात 'परवा भेटू' म्हणतो आणि त्याच्या पुढच्या वाक्यात 'परवा भेटलो होतो ना आपण' म्हणतो, आणि त्याच्या लक्षातही येत नाही की आपल्याकडेही तेच आहे. आपण काल आणि उद्या वेगळे ठेवले, पण एक दिवस पुढे किंवा मागे सरकलं की आपलीही दोन टोकं एकाच शब्दात. तेरवा म्हणणारे अजून असतील तर त्यांचाही तेरवा दोन्हीकडे चालतो. मग काय म्हणायचं, मराठी माणसाचा काळ उद्यापर्यंत सरळ जातो आणि परवापासून गोल फिरायला लागतो?

गोंधळ का होत नाही याचं कारण साधं आहे, क्रियापद. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यात दिवस कुठल्या बाजूचा ते आलो आणि येईन सांगतात, शब्दाने फक्त अंतर सांगायचं, मध्ये एक दिवस सोडून. हिंदीतही कल आया आणि कल आएगा तसंच. म्हणजे जी माहिती इंग्रजी शब्दात भरते ती आपण वाक्यात दुसरीकडे भरतो, माहिती हरवत नाही, फक्त जागा बदलते. आणि हे खरं आहे की नाही ते तपासायचं तर क्रियापद काढून बघा. 'परवाच्या मीटिंगचं काय?' एवढाच मेसेज आला की खरंच अडतं, झालेली मीटिंग का व्हायची? मग आपण विचारतो, किंवा तारीख टाकतो, किंवा बाकीच्या गप्पांवरून कळतंच. अडचण आहे, पण ती त्या एका वाक्याची आहे, डोक्यातल्या काळाची नाही.

आता उलट बाजूने बघू. इंग्रजीत परवाला शब्द नाही, द डे आफ्टर टुमॉरो म्हणावं लागतं. पण कधीकाळी होता! ओव्हरमॉरो. 1535 सालच्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्ये तो आहे. नंतर वापरातून गेला. जर्मनने त्याच घडणीचा युबरमॉर्गन ठेवला आणि रोज वापरते. म्हणून इंग्रज माणसाला परवाच्या दिवसाचा विचार करता येईनासा झाला का, तर नाही, तिकिटं काढतो, भेटी ठरवतो, फक्त दर वेळी चार शब्द खर्च करतो. एखाद्या भाषेत शब्द नाही याचं कारण कित्येकदा त्या लोकांच्या स्वभावात नसून असं कुठल्यातरी शतकात एक शब्द गळून पडण्यात असतं, आणि या बाबतीत तर तो आधी होता हे आपल्याला लिखित सापडतंय म्हणून कळलं, नाहीतर त्याच्यावरही कोणी सिद्धांत मांडलाच असता की इंग्रजांना उद्यापलीकडचं दिसत नाही.

मग भाषांमधला फरक खोटा का? नाही हो, फक्त तो याद्यांमध्ये शोधतात तिथे नाहीये. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1959 च्या एका निबंधात म्हटलं होतं की भाषांमधला मुख्य फरक त्यांना काय सांगता येतं यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. मला हे फार पटतं. इंग्रजीत 'वी आर गोइंग टुमॉरो' म्हणून माणूस सुटतो. तेच मराठीत बोलायचं तर आधी ठरवावं लागतं, आपण उद्या जाणार का आम्ही उद्या जाणार, म्हणजे समोरचा धरून का सोडून. इंग्रजीला हे सांगता येत नाही असं नाही, 'आम्ही, तू सोडून' असं म्हणता येतंच की, पण ते मुद्दाम म्हणावं लागतं. आपल्याला मात्र न सांगायची सोय नाही, समोरच्याला घेणार नसाल तर ते आम्ही म्हणताक्षणी त्याला कळलं. भाषांतर करणाऱ्याला खरा घाम इथे फुटतो, सौदादपाशी नाही, कारण मूळ वाक्यात नसलेली माहिती त्याला स्वतः ठरवून घालावी लागते, आणि चुकीची घातली तर बोलावलेला माणूस घरी राहतो.

अशा सक्तीचा डोक्यावर काही परिणाम होतो का, यावरचा मला आवडणारा प्रयोग 2007 चा आहे, जोनाथन विनावर आणि सहकाऱ्यांचा. रशियनमध्ये गडद निळा सिनी आणि फिकट निळा गलुबोय, आणि गलुबोय हा सिनीचा प्रकार नाही, वेगळाच रंग. आपल्याला आकाशी हा निळ्याचाच प्रकार वाटतो, पण गुलाबीला लालचा प्रकार म्हणायला जीभ वळत नाही ना, तसं काहीसं. तर स्क्रीनवर निळ्याचे तीन चौकोन, वर एक, खाली दोन, खालच्यापैकी वरच्यासारखा हुबेहूब कोणता ते बटण दाबून सांगायचं. खालचे दोन चौकोन सिनी आणि गलुबोय अशा दोन नावांत विभागलेले असले की रशियन बोलणारे जास्त झटपट ओळखायचे, दोन्ही एकाच नावाचे असले तर तो फायदा नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये असा काही फरकच दिसला नाही. इथपर्यंत वाचून लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, भाषेने डोळे बदलले!

पण त्यांनी पुढे अजून एक केलं होतं. ओळखताना मनातल्या मनात आठ आकडे घोळवत राहायला सांगितले, तर रशियनांचा तो फायदा गेला. त्याऐवजी चौकटींची एक नक्षी लक्षात ठेवायला सांगितली, तर गेला नाही. म्हणजे डोळ्यांना काही वेगळं दिसत नव्हतं, मनातल्या मनात शब्द चटकन मदतीला येत होते, आणि शब्दांना दुसऱ्या कामाला लावलं की मदत बंद. फरकही सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याचा, आणि तोसुद्धा अगदी जवळजवळच्या छटांमध्ये, निवांत बघितलं तर दोन्ही छटा सगळ्यांनाच वेगळ्या दिसतात.