अडथळ्यांच्या ग्रिडमधल्या वाटा मोजताना: पूर्ण तक्त्यापासून एका ओळीपर्यंत

अ‍ॅटकोडर या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचा, म्हणजे डीपीचा, सरावसंच आहे आणि त्यात ‘ग्रिड १’ नावाचा प्रश्न आहे. उभ्या-आडव्या घरांचं ग्रिड दिलेलं असतं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघायचं, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात पोचायचं आणि दर वेळी फक्त उजवीकडे किंवा खाली एक घर सरकायचं. ज्या घरात `#` आहे ते बंद. अशा एकूण वाटा किती, हे सांगायचं. ग्रिड १००० × १००० पर्यंत असू शकतं आणि उत्तर १,००,००,००,००७ ने भागून उरलेली बाकी म्हणून द्यायचं. डायनॅमिक प्रोग्रॅमिंग नीट समजून घ्यायला मी हाच प्रश्न निवडला आणि त्यातही शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे मेमरी एका ओळीवर आणण्यावर, सगळ्यात जास्त वेळ दिला.

प्रत्येक वाट खरोखर चालून मोजायची म्हटलं तर काय होतं, ते आधी पाहिलं. अडथळा नसलेल्या २० × २० ग्रिडमध्ये १९ वेळा उजवीकडे आणि १९ वेळा खाली जावं लागतं, म्हणून वाटा होतात ३५,३४,५२,६३,८००. एकेक मोजणं शक्यच नाही. पण एखाद्या घरात यायचं तर वरच्या घरातून यावं लागतं, नाहीतर डावीकडच्या. तिसरा रस्ता नाही. म्हणून त्या घरापर्यंतच्या वाटा म्हणजे वरच्या आणि डावीकडच्या घरापर्यंतच्या वाटांची बेरीज, आणि बंद घराची संख्या शून्य. सगळा प्रश्न एवढ्यावर उभा आहे.

कोड लिहिण्याआधी मी चौकटींच्या वहीवर हे छोटं ग्रिड काढलं आणि त्याचा तक्ता हाताने भरला:

```
. . . . .        1 1 1 1 1
. # . . .        1 0 1 2 3
. . . # .        1 1 2 0 3
. . . . .        1 2 4 4 7
```

उत्तर ७. अडथळे नसते तर ३५ आलं असतं. दोन घरं बंद केली आणि २८ वाटा गेल्या. हा भरलेला तक्ता मी पुढे प्रत्येक कोडच्या शेजारी ठेवला, कारण यातलं एकही घर चुकलं तर लगेच कळतं. दुसऱ्या ओळीतल्या शून्यानंतरचा १ बघा: त्याला डावीकडून काही मिळालं नाही, फक्त वरून मिळालं. तिसऱ्या ओळीत शेवटच्या ३ चंही तसंच आहे.

पूर्ण तक्त्याचा कोड सरळ आहे. `g` म्हणजे ग्रिड, `h` ओळी, `w` स्तंभ, `MOD` म्हणजे १,००,००,००,००७, आणि `dp` हा सुरुवातीला सगळा शून्य असलेला तक्ता:

```python
dp[0][0] = 1
for i in range(h):
    for j in range(w):
        if g[i][j] == '#':
            continue
        if i > 0: dp[i][j] += dp[i-1][j]
        if j > 0: dp[i][j] += dp[i][j-1]
        dp[i][j] %= MOD
```

पहिली ओळ आणि पहिला स्तंभ आधीच १ ने भरून टाकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. अडथळे असताना ती चालत नाही. पहिल्या ओळीत एक घर बंद असेल तर त्याच्या उजवीकडची त्या ओळीतली सगळी घरं शून्य व्हायला हवीत, कारण तिथे वरून येणारं कुणी नाही. वरच्या कोडमध्ये वेगळं भरणं नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आकडे किती लवकर फुगतात, तेही पाहून ठेवलं. चिन्हासकट ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतं. रिकाम्या १७ × १७ ग्रिडचं उत्तर ६०,१०,८०,३९० आहे, ते बसतं. १८ × १८ चं २,३३,३६,०६,२२० होतं आणि बाहेर सांडतं. चिन्हासकट ६४ बिट घेतले तर ३४ × ३४ पर्यंत निभतं, ३५ × ३५ ला तेही अपुरे पडतात. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर बाकी घ्यायची, शेवटी एकदाच नव्हे. अंतिम उत्तर लहान आहे असं एखाद्या प्रश्नात सांगितलं असलं तरी मधल्या घरांची हमी त्यात नसते. पुढे भिंतीवर आदळणाऱ्या मोकळ्या कोपऱ्यात आकडा प्रचंड वाढू शकतो, मग उत्तर शून्य का असेना. बाकी घेण्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा लागतो: बाकी शून्य आली म्हणजे वाट नाहीच, असं सिद्ध होत नाही. वाट आहे की नाही हे हवं असेल तर ते वेगळं तपासावं.

आता मेमरी. १००० × १००० तक्ता सी++ मध्ये ६४ बिटांनी ठेवला तर साधारण ८ एमबी लागते, आणि त्या प्रश्नात १०२४ एमबीची मुभा आहे. म्हणजे तिथे एका ओळीची गरज नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मला ती लागली कारण मी २०,००० × २०,००० चं ग्रिड बनवून पाहत होते. तिथे ४० कोटी घरं, म्हणजे तक्ताच ३.२ जीबी.

तक्ता भरताना तिसऱ्या ओळीला फक्त दुसरी ओळ लागते, पहिलीकडे कुणी पुन्हा बघत नाही. तेव्हा दोन ओळी पुरतात, हे चटकन दिसतं. दोनावरून एकावर येणं थोडं बारकाईचं आहे. पाटीवर आधीची ओळ `f` लिहिलेली आहे आणि मी डावीकडून एकेक आकडा पुसून त्याच जागी नवा लिहिते आहे, असं धरा. मी `j` व्या जागेवर पोचते तेव्हा `f[j]` मध्ये अजून जुना आकडा आहे, म्हणजे वरच्या घराचा. `f[j-1]` नुकताच बदललाय, म्हणजे तो याच ओळीतल्या डावीकडच्या घराचा. हव्या त्या दोन्ही गोष्टी नेमक्या त्याच क्षणी हाताशी असतात. म्हणून `f[j] += f[j-1]` एवढंच पुरतं.

```python
MOD = 10**9 + 7
h, w = map(int, input().split())
f = [0] * w
f[0] = 1
for _ in range(h):
    s = input()
    for j in range(w):
        if s[j] == '#':
            f[j] = 0
        elif j > 0:
            f[j] = (f[j] + f[j-1]) % MOD
print(f[-1])
```

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ `f[j] = 0` ही आहे. पूर्ण तक्त्यात बंद घरासाठी नुसतं `continue` चाललं, कारण ते घर सुरुवातीपासून शून्यच होतं. एका ओळीत ती जागा रिकामी नसते, तिथे वरच्या घराचा आकडा बसलेला असतो. तो पुसला नाही तर भिंतीतून सरळ खाली उतरणाऱ्या वाटा मोजल्या जातात. हे किती बिघडवतं ते पाहायला मी मुद्दाम `continue` ठेवून तेच छोटं ग्रिड चालवलं आणि प्रत्येक ओळीनंतर `f` छापली:

```
1 1 1 1 1
1 1 2 3 4
1 2 4 3 7
1 3 7 10 17
```

७ ऐवजी १७. अंतिम आकड्याकडे बघून काही कळत नाही, तोही पटण्यासारखाच वाटतो. पण दुसऱ्या ओळीत दुसऱ्या जागी ० हवा तिथे १ आहे, हे वहीशी ताडलं की लगेच दिसतं. म्हणून मोठ्या ग्रिडवर शंका आली तरी तपासणी छोट्यावरच करायची आणि ओळ न् ओळ छापून करायची.

पहिल्या स्तंभाचं काम या कोडमध्ये आपोआप होतं. `f[0]` मध्ये कधीच भर पडत नाही, त्यामुळे तिथे एकदा अडथळा आला की तो खालपर्यंत शून्यच राहतो, आणि तसंच हवं आहे. सुरुवातीचं घर बंद असेल तर पहिल्याच फेरीत `f[0]` शून्य होतो आणि उत्तर शून्य येतं. अ‍ॅटकोडरच्या प्रश्नात पहिलं आणि शेवटचं घर मोकळं असल्याची हमी आहे, पण सगळीकडे ती नसते. वरचा पूर्ण तक्त्याचा कोड त्या बाबतीत फसतो, कारण `dp[0][0] = 1` आधीच लिहून टाकलंय आणि ते कुणी मागे घेत नाही.

दिशेचा प्रश्न माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने काढला. त्याने नुकताच थैलीचा प्रश्न सोडवला होता, ज्यात ठरावीक वजन पेलणाऱ्या थैलीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू भरायच्या असतात आणि प्रत्येक वस्तू एकदाच घ्यायची असते, आणि तिथे एकाच ओळीत उजवीकडून डावीकडे जावं लागतं. “अगं, मग इथे उलटं का?” त्याने विचारलं. आम्ही अडथळा नसलेल्या ४ × ५ ग्रिडवर उजवीकडून चालवून पाहिलं. शेवटची ओळ आली १ ४ ६ ४ १. पास्कलच्या त्रिकोणातली ओळ, आणि उत्तर ३५ ऐवजी १. कारण उघड आहे: उजवीकडून येताना `f[j-1]` अजून जुना असतो, म्हणजे तो डावीकडचा नसून तिरपा वरचा असतो. थैलीत तोच जुना आकडा हवा असतो, म्हणजे तीच वस्तू दुसऱ्यांदा घेतली जात नाही. इथे मात्र त्याच ओळीत कितीही वेळा उजवीकडे सरकायची मोकळीक आहे, म्हणून ताजा आकडा हवा.

मोठ्या ग्रिडसाठी हेच सी++ मध्ये लिहिलं. `f` साठी २०,००० × ८ म्हणजे १६० केबी पुरले. पण आधी पूर्ण ग्रिड मेमरीत वाचून ठेवलं असतं तर एका अक्षराला एक बाइट धरूनही ४०० एमबी गेले असते आणि तक्ता वाचवल्याचा बराचसा फायदा तिथेच संपला असता. म्हणून फाइलमधून एक ओळ वाचायची, वापरायची, सोडून द्यायची. वेळ मात्र तेवढाच लागतो. घरं ४० कोटी आहेत आणि प्रत्येकाला एकदा भेट द्यावीच लागते. ग्रिड लांबच लांब आणि अरुंद असेल तर ओळ लहान बाजूची निवडता आली तर बरं, पण फाइल ज्या क्रमाने येते तो क्रम आपल्या हातात नसतो.

एका ओळीत काय गमावलं, ते पुढच्या प्रश्नाने दाखवलं. कुठलं घर बंद केलं तर सर्वाधिक वाटा तुटतील, हे मला हवं होतं. एखाद्या घरातून जाणाऱ्या वाटा म्हणजे सुरुवातीपासून तिथवरच्या वाटा गुणिले तिथून शेवटापर्यंतच्या वाटा. छोट्या ग्रिडमध्ये शेवटच्या ओळीतल्या चौथ्या घरापर्यंत ४ वाटा येतात आणि तिथून पुढे एकच जाते, म्हणजे ७ पैकी ४. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरापर्यंत एकच वाट येते, पण तिथून पुढे ४ जातात, म्हणजे तिथेही ४. एका ओळीच्या कोडमध्ये सुरुवातीकडचे आकडे पुसले गेलेले असतात, त्यामुळे हा गुणाकार करताच येत नाही. शेवटी सुरुवातीकडचा तक्ता पूर्ण ठेवला, ग्रिडही ठेवलं, आणि शेवटाकडून उलटी येणारी मोजणी एका ओळीत केली. ती खालून वर, उजवीकडून डावीकडे, `f[j] += f[j+1]` करत जाते आणि प्रत्येक घराशी पोचल्यावर साठवलेल्या आकड्याशी गुणाकार होतो. हे करताना आकड्यांची बाकी घेऊन चालत नाही, कारण दोन बाक्यांत मोठी कोणती यावरून खरा आकडा कुठला मोठा ते ठरत नाही. म्हणून हा भाग मी पायथनमध्येच ठेवला, तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही, आणि ग्रिडही त्या मानाने लहानच घेतलं.