चौकटीबाहेरचा माणूस

पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलं की काळा घोडा चालत गाठता येतो. जहांगीर आर्ट गॅलरीत गिरणगावावरच्या जुन्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. बरीचशी चित्रं भराभर पाहून झाली आणि एका तैलचित्रापाशी मी खिळले. त्यावर कविता लिहावीशी वाटली.

चाळीची गच्ची. जुन्या धोतरावर पापड वाळत घातलेले, शेजारी कावळे हाकायची काठी. एक बाई पाठमोरी बसलेली. लांबवर गिरणीची चिमणी, तिला धूर नाही. कोपऱ्यात सही, खाली साल १९८२. आणि उजव्या कडेने आत शिरलेली एक आखूड सावली, पापडांच्या शेवटच्या ओळीवर पडलेली. सावलीचा माणूस चित्रात नाही.

चित्रावरच्या कवितेत जे दिसतंय तेच पुन्हा सांगायचं, तर चित्र ते जास्त चांगलं सांगतं. कीट्सने १८१९ साली ग्रीक कलशावर कविता लिहिली. कलशावरची माणसं बळी द्यायला निघाली आहेत. ती ज्या गावातून आली ते ओस पडलेलं गाव कलशावर कुठेच नाही, कवितेत आहे. मलाही असंच काही बाहेरचं हवं होतं, पण त्याचा धागा चित्रातच सापडायला हवा. नाहीतर तीच कविता दुसऱ्या कुठल्याही चित्राखाली खपून जाते.

म्हणून सावली धरली. पापड म्हणजे उन्हाळा. सावली आखूड, म्हणजे ऊन डोक्यावर. तरी ती पापडांपर्यंत पोचते, म्हणजे माणूस चौकटीला अगदी खेटून उभा आहे. भर दुपारी गच्चीवर कोण येईल? घरधनी म्हणावा तर पहिल्या पाळीचा कामगार या वेळी गिरणीत साच्यावर असतो. पण १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. चिमणीला धूर का नाही, ते तिथेच उलगडलं.

मग गिरणीचा भोंगा आठवला. चित्रात सगळंच मुकं असतं, त्यामुळे न वाजलेला भोंगा रंगांत दाखवता येत नाही. तो शब्दांतच येऊ शकतो, आणि तो बाईच्याच तोंडी यायला हवा, कारण तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

दुपारी स्लो लोकलने करी रोडला उतरले. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, पण काही चाळींच्या गच्च्या तशाच आहेत. तिथे चालता चालता शेवट सुचला. ‘संप’ हा शब्द काढून टाकला; घरी बसलेल्या नवऱ्याला ती तो ऐकवणार नाही.

पापड अजून ओले आहेत,
चिमणीला धूर नाही.
बाराला तुम्ही वर आलात
म्हणजे आजही गेट बंद.
भोंगा झाला असता
तर ही सावली
साच्यावर पडली असती.
बाजूला व्हा जरा,
ऊन अडतंय.