ज्ञानदामधला मुका डी

केप्याला जाणाऱ्या रस्त्यावरची Quepem ही पाटी वाचून 'क्वेपेम अजून किती लांब आहे?' असे विचारणारा पर्यटक भेटला की आम्हा गोव्याच्या माणसांना हसू येते. पोर्तुगीज लेखनात qu म्हणजे क आणि शब्दाच्या शेवटचा m म्हणजे केवळ नाकातला सूर, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. माझ्या Dnyanada या नावाचीही गत तीच आहे, हे मात्र परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करू लागेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

मँचेस्टरचा एक सहकारी मला पहिल्या दिवसापासून 'डिन्यानाडा' म्हणत असे. त्याचा दोष काहीच नव्हता, कारण समोर जी अक्षरे होती ती त्याने प्रामाणिकपणे वाचली होती. इंग्रजीत शब्दाच्या आरंभी 'द्न्य' येत नाही, म्हणून जीभ मध्ये एक 'इ' घुसवते. शिवाय मधला a आपण लिहितो पण बोलत नाही, हे त्याला कळणार कसे? आपण तर 'ज्ञान्‌दा' अशी दोनच तुकड्यांची हाक मारतो. मी संकोचाने गप्प राहिले आणि सहा महिन्यांत मी 'डीना' झाले. त्यानंतर एक नवी सहकारी आली, ती तर नावच घेत नसे. 'गोव्यातल्या आपल्या सहकारी' असा वळसा घालून बोलत असे. माणूस आपले नाव टाळू लागला, तर त्याला ते विचारायची लाज वाटते आहे असे खुशाल समजावे.

उशिरा का होईना, दुरुस्ती करायची असे मी ठरवले आणि चुकीचा भार माणसावरून उचलून स्पेलिंगवर टाकला. 'माझ्या नावाचे स्पेलिंग फसवे आहे, पहिला डी वाचूच नका' एवढेच मी बैठकीच्या आरंभी, हजेरीच्या ओघात सांगितले आणि लगेच कामाच्या विषयाकडे वळले, कारण त्यावर जास्त वेळ थांबले की समोरचा माफी मागत बसतो आणि मग आपल्यालाच त्याची समजूत काढावी लागते. पडद्यावरचे नावही मी Dnyanada | NYAHN-dah असे करून ठेवले. मोठी अक्षरे जोर कुठे द्यायचा ते दाखवतात, आणि ah लिहिले की इंग्रजी वाचणारा 'आ' म्हणतो. नुसता a लिहिला तर तो कधी 'ॲ' होतो, कधी 'ए'.

पण उच्चार सांगणे वेगळे आणि तो लक्षात राहणे वेगळे. पुढच्याच आठवड्यात डी परत आला. तेव्हा मी मँचेस्टरवाल्याला विचारले, 'तुमच्या know मधला k कुठे उच्चारता?' आणि पुढे सांगितले की ज्ञान आणि know हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. तुमचा k मुका, तसा तुमच्यापुरता माझा d मुका. तो मोकळेपणी हसला, आणि त्यानंतर चुकला नाही. नावाचा अर्थ बरेच जण सांगतात, पण 'ज्ञान देणारी' हे ऐकून समोरच्याने नुसते 'वा, छान' म्हटले की ते तिथेच विरते. त्याच्या स्वतःच्या भाषेतले काही हाताला लागले, तरच ते टिकते.

लिस्बनच्या सहकाऱ्याला हे इंग्रजी उदाहरण लागलेच नाही. त्याचे João हे नाव आमच्या सांजांवच्या, म्हणजे संत जॉनच्या सणातलेच असल्यामुळे मला ते पहिल्याच दिवशी जमले होते, आणि त्याचा त्याला फार आनंद झाला होता. त्याला मी Nhanda असे लिहून पाठवले. पोर्तुगीजमध्ये nh म्हणजे आपल्या 'न्य'च्या अगदी जवळचा ध्वनी, आणि शेवट varanda या शब्दासारखा. त्यांचा द तर आपल्यासारखा दातांना जीभ लावूनच येतो. त्यांच्या भाषेत 'ओळखणे, जाणणे' याला conhecer म्हणतात, आणि त्यातला nh लॅटिनमधल्या ज्या gn पासून आला, तो gn आणि आपला ज्ञ हे सख्खे भाऊबंद आहेत. म्हणजे माझे नाव लिहिण्याची सगळ्यांत सरळ रीत पोर्तुगीजांकडे होती, आणि मी मात्र शाळेपासून Dny गिरवत आले.

सगळे काही दुरुस्त करण्याचा आग्रह मी धरत नाही. मँचेस्टरवाल्याचा द अजून ड कडे झुकतो, आणि तो तसाच राहू द्यावा. त्यासाठी त्याला जिभेचे टोक कुठे ठेवायचे ते शिकवू लागले, तर बैठकीची शिकवणी होईल. तुकडे दोन आणि 'आ' लांब, एवढे साधले की हाक माझ्यापर्यंत पोहोचते.

परवा बैठक चालू असताना आई दाराशी उभी राहून ऐकत होती. सगळे संपल्यावर तिने विचारले, 'न्यांडा कोण गं?' मी म्हटले, 'मीच.' त्यावर ती म्हणाली, 'आणि पहिला द कुठे गेला तुझा?'