नग एक, मागणारे तिघं : आमच्या लाइव्ह सेलची वाटचाल

आधी आम्ही भट्टी उघडली की सिरॅमिकच्या वाट्या, मग, फुलदाण्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचो. मग सुरू, "उरलाय का", "मागचा निळा परत दाखवा ना", "आतून कसा आहे", एकेका वस्तूमागे ढीगभर मेसेज आणि विकायची एखादी. सिरॅमिकचं असंय की एकाच ग्लेझमध्ये बुडवलेल्या चार वाट्या भट्टीत कुठे ठेवल्या त्यावर चार तऱ्हेच्या निघतात, म्हणजे प्रत्येक नग एकुलता एक, आणि तो फोटोत कळत नाही, हातात फिरवून दाखवावा लागतो. म्हणून लाइव्हकडे वळलो. मी बोलते आणि माझी जाऊ रजिस्टर सांभाळते, आणि खरं सांगू का, लाइव्ह चालतो तो रजिस्टरवर, बोलणं काय कुणालाही जमतं.

तयारी आदल्या दिवशी. प्रत्येक नगाला नंबर, त्याचं कार्ड, आणि रजिस्टरमध्ये नंबरसमोर उंची, रुंदी, मगात पाणी किती मिली मावतं, आणि दोष. दोष म्हणजे ग्लेझमध्ये टाचणीच्या टोकाएवढं भोक किंवा बुडाशी ग्लेझ ओघळलेलं, ते लाइव्हमध्ये कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवायचं म्हणजे दाखवायचं, नाहीतर पार्सल उघडल्यावर तेच फोटो काढून आपल्याला येतात. प्रत्येक नग बोटाने वाजवूनही बघतो, अख्खा असला तर टण्ण वाजतो, केसासारखी चीर असली तर आवाज बसका येतो आणि तो नग बाजूलाच राहतो. टिचकी लाइव्हमध्येही वाजवते मी, लोकांना भारी आवडते.

लाइटचं एवढंच की खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र नको. दोन्ही दिवे एकाच पांढऱ्या रंगाचे घ्यायचे आणि मागे करडा कपडा लावायचा. मागचा कपडा भडक असला की फोन आपोआप रंग जुळवायला जातो आणि हिरवट ग्लेझ राखाडी दिसतं. आणि समोरच्या कॅमेऱ्यात आपल्याला आपलं कार्ड उलटं दिसतं म्हणून घाबरायचं नाही, दुसऱ्या फोनवर प्रेक्षक म्हणून उघडून बघा, तिकडे बहुतेक सरळच असतं.

तो दुसरा फोन पूर्ण वेळ समोर ठेवायचाच, कारण खरी गंमत तिथे कळते. मी "14 नंबर खुला" म्हणते आणि दुसऱ्या फोनवर ते काही सेकंदांनी ऐकू येतं, कुणाकडे लवकर कुणाकडे उशिरा, ज्याचं नेट हळू त्याला आणखी उशिरा. म्हणजे मी पुढच्या नगावर गेले तरी मागच्या नगाच्या कमेंट येतच असतात. नुसतं "बुक" लिहिलं तर ते 14 साठी की 15 साठी कुणी सांगावं! म्हणून नियम असा की कमेंटमध्ये नंबर आणि बुक दोन्ही हवं, "14 बुक". "हवाय", "मस्त", "किती सुंदर" हे बुकिंग नाही. मी कार्ड वर धरते, नंबर दोनदा म्हणते आणि नग खाली ठेवल्यावरही थोडं थांबते, तेवढ्यात त्याचं माप सांगून होतं, मगच पुढचा उचलते.

पहिला कोण हे ठरवायचं कसं, तर जाऊबाईंच्या टॅबवर जी कमेंट आधी दिसली ती पहिली. दोन फोनवर कधीकधी क्रम वेगळा दिसतो आणि माझ्या स्क्रीनवर तर कमेंट भराभर वर सरकून जातात, त्यामुळे एकच यंत्र प्रमाण मानायचं, त्यावर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं. हळू नेटवाल्याला यात तोटा आहे हे मान्य, पण नियम सगळ्यांना आधी माहीत असला की भांडण होत नाही. पहिल्याखाली दुसरं, तिसरं नाव वेटिंगला लिहायचं, हे फार महत्त्वाचं, पुढे सांगते का ते.

वेळेचं गणित साधं आहे, एका नगाला अडीच मिनिटं धरली तर 24 नगांना एक तास, त्यापेक्षा जास्त नग मांडू नयेत, बघणारा आणि बोलणारा दोघंही थकतात. पहिली दहा मिनिटं माणसं जमत असतात, तेव्हा जे परत बनवता येतं ते दाखवायचं, साधे मग वगैरे. एकमेव नग त्यानंतर, नाहीतर उशिरा आलेली ताई म्हणते माझ्या मागेच विकलात. शेवटी उरलेले सगळे एकेक करून पटकन परत फिरवायचे, त्यात बरेच जातात कारण तोवर लोकांनी मनात दोनातला एक ठरवलेला असतो.

आणि एक, लाइव्ह चालू असताना आमच्यासारखंच नाव आणि फोटो लावून कुणीतरी कमेंटमध्ये पैसे पाठवायचा नंबर टाकतं, असले प्रकार होतात. त्यामुळे "पैसे फक्त आमच्या मेसेजनंतर" ही कमेंट वर पिन केलेली असते आणि मी मधेमधे तोंडानेही सांगते.

आता लाइव्ह संपल्यावरचं. रात्री संपला तर त्याच रात्री सगळ्यांना मेसेज जातो, नगाचा फोटो, नंबर, कुरियरसकट एकूण रक्कम आणि मुदत, उद्या दुपारी 12. एकीने तीन नग घेतले तर तीन मेसेज नाही, एकच बिल. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही, खात्यात दिसले की रजिस्टरमध्ये टिक.

14 नंबरचंच सांगते. निळी पसरट वाटी, काठाला तपकिरी ओघळ, तिघींनी बुक लिहिलं. पहिलीला मेसेज गेला, तिने वाचला, उत्तर नाही. सकाळी एक आठवण, तरी नाही. 12 वाजून गेल्यावर दुसरीला विचारलं, तिने दरम्यान 14 गेली समजून 19 घेऊन पैसेही भरले होते, तरी म्हणाली दोन्ही द्या. 19 चं पार्सल बांधायचं बाकी होतं म्हणून दोन्ही एकाच खोक्यात गेल्या, कुरियर एकदाच. (मुदत संपायच्या आत आम्ही पार्सल बांधत नाही ते यासाठीच.) तिसरीला लगेच कळवलं की मिळणार नाही, तिला ताटकळत ठेवायचं नाही.

संध्याकाळी पहिली हजर, "मी तर आधी लिहिलं होतं." बरोबर, होतं. तिला मुदतीचा मेसेज परत दाखवला आणि ऑर्डरवर तशी वाटी करून देऊ म्हटलं, पण तीन गोष्टी लिहून दिल्या. ओघळ तसाच येईल याची खात्री नाही, निळा थोडा गडद किंवा फिका येऊ शकतो. ओली माती भाजून होईपर्यंत साधारण 10 ते 12 टक्के आकसते, त्यामुळे माप दोनचार मिलिमीटर इकडे तिकडे होणार. आणि घडवणं, आठवडाभर सावलीत वाळणं, पहिली भाजणी, ग्लेझ, दुसरी भाजणी आणि भट्टी भरण्याइतका माल जमणं, हे धरून चार आठवडे. अर्धे पैसे आधी. तिने दोन सांगितल्या, आम्ही चार घडवायला घेतल्या कारण त्यातली एखादी तडकते किंवा रंग भलताच येतो, आणि उरतील त्या पुढच्या लाइव्हला नंबर लावून मांडता येतात.